जुळलेली बेरीज

जीएसटीच्या नोटिशीला द्यायच्या उत्तराचा मसुदा त्या रात्री माझ्यासमोर होता आणि मी त्याच्यावर खूश होतो. नोटीस २ लाख २४ हजार ७३० रुपयांची होती. माझ्या तक्त्यातल्या तीन कारणांची बेरीजही २ लाख २४ हजार ७३० होती, एका रुपयाचाही फरक नव्हता. सव्वीस वर्षे करसल्लागाराचे काम करणाऱ्या माणसाला बेरीज जुळली की झोप चांगली लागते. मलाही लागली असती. पण ती बेरीज जुळली नव्हती, मी ती जुळवली होती, आणि हे मला कुठेतरी ठाऊक होते. त्या 'कुठेतरी'बद्दल हे लिहितो आहे.

प्रकरण साधे होते. सांगली जिल्ह्यातले शेतीपंप आणि पाइप यांचे एक दुकान, मालक माझे जुने गिऱ्हाईक. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. २०१८-१९ या वर्षात त्यांनी मासिक विवरणपत्रांत, म्हणजे जीएसटीआर-३बीमध्ये, ११,४६,३८० रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले होते. पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून तयार होणाऱ्या जीएसटीआर-२एमध्ये मात्र ९,२१,६५० रुपयेच दिसत होते. मधला फरक जास्तीचे क्रेडिट समजून तो व्याज आणि दंडासह का वसूल करू नये, अशी कलम ७३ खालची डीआरसी-०१ नोटीस २६ डिसेंबर २०२३ रोजी आली. उत्तराला तीस दिवस होते.

मसुद्यात मी फरकाची तीन कारणे दिली होती. ट्रकभाड्यावरचा कर अण्णांनी रिव्हर्स चार्जने स्वतः भरला होता आणि त्याचे क्रेडिट घेतले होते, ते १७,१०० रुपये. ट्रकवाला नोंदणीकृत नसल्यामुळे ही रक्कम २एमध्ये येणारच नव्हती. पाइपच्या पुरवठादाराने आमची बिले चुकून किरकोळ ग्राहकांच्या रकान्यात दाखवली होती, ते १,०४,४९० रुपये. आणि पंपांच्या पुरवठादाराने आमच्या जीएसटी क्रमांकातला एक आकडा चुकवल्यामुळे त्याची बिले भलत्याच खात्यावर गेली होती, ते १,०३,१४० रुपये.

तिसरा आकडा कुठून आला होता? माझ्या कार्यालयात काम करणाऱ्या मुलीने आठवडाभर आधी विचारले होते, "सर, पंपवाल्यांची बिले मिळून ८३ हजार ७०० होतात. १९ हजार ४४० उरतात, ते कशात दाखवू?" मी फोनवर होतो. मान वर न करता म्हणालो, "त्यांच्यातच टाक. त्यांचंच काहीतरी राहिलं असेल."

वाक्य संपले, फोन चालू राहिला. तिने टाकले. बेरीज जुळली.

आमच्या धंद्यात उत्तर 'वाचून काढणे' म्हणजे बहुतेकदा शुद्धलेखन पाहणे, गिऱ्हाइकाचे नाव बरोबर आहे ना ते बघणे आणि शेवटची बेरीज कॅल्क्युलेटरवर मारणे. मीही तसेच करत आलो आहे. त्या रात्री मात्र एक वेगळी गोष्ट घडली. त्या मुलीचा भाऊ तिला न्यायला उशिरा येणार होता, म्हणून ती थांबली होती, आणि नुसते बसण्यापेक्षा वाचून घेऊ असे ती म्हणाली. तिने मूळ कागद हातात घेतले, मी मसुदा घेतला. ती मूळ कागदावरचा आकडा मोठ्याने वाचायची आणि मी मसुद्यात तो शोधून पेन्सिलीची खूण करायचो. वाचन या दिशेने, कागदाकडून मसुद्याकडे झाले, तरच उपयोग असतो. मसुदा हातात धरून मूळ कागदात खात्री करायला गेले की डोळ्यांना जे हवे असते तेच दिसते.

पहिली खूण पडायच्या आधीच अडलो. तिने नोटिशीचा संदर्भ क्रमांक वाचला, ZD2712 असा सुरू होणारा. मसुद्यात ZD2707 होता. या क्रमांकात ZD नंतर राज्याचा संकेतांक असतो, महाराष्ट्राचा 27, आणि त्यापुढे महिना आणि वर्ष. म्हणजे मी डिसेंबरच्या नोटिशीला उत्तर देताना जुलैमध्ये आलेल्या एएसएमटी-१० या छाननीच्या पत्राचा क्रमांक लिहिला होता. उत्तर अपलोड झाले असते, पण पुढे अपिलात हा कागद कोणत्या नोटिशीचे उत्तर आहे यावर वाद घालायची सोय मीच करून ठेवली असती.

मग दुसरी चूक. तक्त्यात पाइपवाल्याचे १,०४,४९० होते आणि खालच्या परिच्छेदात १,०४,९४०. फरक ४५०. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की बहुधा दोन शेजारच्या आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे आम्ही जुन्या दिवाणजींकडून शिकलो. इथे चार आणि नऊ उलटे पडले होते. दुरुस्त केले आणि मनात म्हटले, चला, बरे झाले बसलो.

तिसरी चूक लाजिरवाणी होती. मसुद्यात मी १७ जुलै २०२३ च्या १९३/०५/२०२३ या परिपत्रकाचा आधार घेतला होता. ते परिपत्रक २०१९-२० पासूनच्या काळासाठी आहे. २०१८-१९ ला लागू होणारे परिपत्रक वेगळे, २७ डिसेंबर २०२२ चे १८३/१५/२०२२. दोन्हींत युक्तिवाद सारखाच वाटतो: पुरवठादाराच्या चुकीमुळे २एमध्ये बिल दिसत नसेल, तर त्याच्याकडून कर भरल्याचा दाखला आणा, आणि एका पुरवठादाराबाबत फरक पाच लाखांच्या वर असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणपत्र आणा. पण नंतरच्या परिपत्रकात नियम ३६(४) ची मर्यादाही येते, ९ ऑक्टोबर २०१९ पासून २एमध्ये दिसणाऱ्या क्रेडिटच्या वर फक्त वीस टक्के, पुढे दहा, मग पाच. आमच्या वर्षाला ही मर्यादा नव्हतीच. चुकीचे परिपत्रक दाखवून मी अण्णांना लागू नसलेला दोर त्यांच्याच गळ्यात घालायला निघालो होतो. कारण एवढेच, की मसुदा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या उत्तरावरून उचलला होता. त्याचे वर्ष मी बदलले, परिपत्रक बदलायचे विसरलो.

या तीन चुकांनी मला त्रास झाला नाही. उलट त्या सापडल्याचा थोडा अभिमानच वाटला. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्याच्याशी त्याचा संबंध आहे. निष्काळजीपणाची चूक सापडली की माणूस स्वतःला शाबासकी देतो. चौथी चूक निष्काळजीपणाची नव्हती.

तिने पंपवाल्यांचा दाखला वाचला. "कर भरल्याची रक्कम, त्र्याऐंशी हजार सातशे." माझ्या हातातल्या मसुद्यात १,०३,१४० होते. ती थांबली. मीही थांबलो. मला तेव्हा वाटलेली पहिली गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची तर ती अशी: दाखला नव्याने मागवू, पुरवठादार ओळखीचा आहे, आकडा वाढवून देईल. दुसरी गोष्ट: अधिकाऱ्याकडे अशी शंभर प्रकरणे आहेत, तो तक्त्यातली बेरीज बघेल, दाखल्याची रक्कम तपासणार नाही. तिसऱ्या क्रमांकावर हा प्रश्न आला, की ते १९,४४० रुपये आहेत तरी कसले.

तो प्रश्न पहिला यायला हवा होता.

मी खरेदीची यादी काढून रकमेच्या क्रमाने लावली. १,६२,००० रुपये मूळ किंमत, १२ टक्क्यांनी १९,४४० कर, अशी पंपवाल्यांचीच दोन बिले एकाखाली एक आली. एक ऑक्टोबरच्या विवरणपत्रात, एक मार्चच्या. पहिल्याचा क्रमांक २१४, दुसऱ्याचा ०२१४/१८-१९. सॉफ्टवेअरने इशारा दिला नव्हता, कारण त्याच्या लेखी हे दोन वेगळे क्रमांक होते. फाइल काढली. मार्चच्या गठ्ठ्यात तेच बिल होते, फक्त त्याच्या डोक्यावर वाहतूकदाराची प्रत असे छापलेले. मालाच्या बिलाच्या तीन प्रती निघतात, घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि पुरवठादाराची. ट्रकवाल्याकडची प्रत कधीतरी दुकानात राहिली आणि वर्षअखेरच्या 'राहिलेल्या बिलां'बरोबर आमच्याकडे आली. क्रेडिट दोनदा घेतले गेले.

त्या गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर अक्षर माझे होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे माणूस कमी होता, मार्चची बिले मी स्वतः रात्री बसून घातली होती. म्हणजे 'त्यांचंच काहीतरी राहिलं असेल' असे ज्यांच्या नावावर ढकलले, त्यांचे काही राहिले नव्हते. राहिलेले माझे होते.

आता मसुदा पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि मजकुरातली नव्हे, क्रमातली लबाडी दिसली. पहिला मुद्दा मी असा मांडला होता की २ए ही फक्त माहितीची सोय आहे, तिच्या आधारे क्रेडिट नाकारता येत नाही. दुसरा मुद्दा, की करदात्याने घेतलेले प्रत्येक रुपयाचे क्रेडिट प्रत्यक्ष बिलावर आधारलेले आहे. तक्ता तिसऱ्या पानावर आणि दाखले परिशिष्टात. वकिली थाटाचा हा क्रम मी वर्षानुवर्षे वापरतो. कायद्याचे मोठे मुद्दे पुढे ठेवले की वाचणारा तक्त्यापर्यंत येईस्तोवर थकतो, असा माझा त्यामागचा न लिहिलेला हिशेब. आकडे भक्कम असतात तेव्हा मी ते पुढे ठेवतो आणि डळमळीत असतात तेव्हा मागे. हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते, मीही नाही.

आणि दुसरा मुद्दा तर आता सरळ खोटा होता. दोनदा घेतलेल्या क्रेडिटला दोन बिले नसतात.

डीआरसी-०६ मध्ये उत्तर भरताना शेवटी प्रतिज्ञापन असते: वर दिलेली माहिती खरी आहे आणि काहीही दडवलेले नाही. ते प्रतिज्ञापन माझ्या नावाने जात नाही. ओटीपी अण्णांच्या मोबाइलवर येतो. ते मला फोन करून सहा आकडे सांगतात, कधीकधी दुकानात गिऱ्हाईक समोर असताना, काय सांगतो आहोत हे न विचारता. त्यांनी माझ्यावर टाकलेला विश्वास म्हणजे ते सहा आकडे. मी शपथ लिहायची आणि ती त्यांनी घ्यायची. तरी आजवर मी या व्यवस्थेकडे फक्त सोय म्हणून पाहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णांना बोलावले. ऐकून ते म्हणाले, "साहेब, त्यांना दिसलं नसेल तर आपण कशाला दाखवायचं?" प्रश्न वाईट नव्हता. आदल्या रात्री मीच तो स्वतःला विचारला होता. मी त्यांना कायद्याचे उत्तर दिले: ही नोटीस कलम ७३ ची आहे, म्हणजे फसवणुकीचा आरोप नाही. माहीत असून दडवले आणि पुढे खरेदीची नोंदवही मागवली, तर कलम ७४ येते आणि तिथे दंड कराइतकाच लागू शकतो. तीस दिवसांच्या आत कर आणि व्याज भरले, तर त्या रकमेवर दंड नको असे म्हणायला आधार राहतो. हे सगळे खरे होते. पण मी त्यांना भीती घालून खरे बोलायला लावले, हेही खरे. 'खोटे आहे म्हणून लिहायचे नाही' एवढे साधे वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. ते वाक्य बोलायचा अधिकार आपल्याला आहे की नाही, याची मला खात्री नव्हती.

मग हिशेब केला. मार्चचे विवरणपत्र २० एप्रिल २०१९ ला भरले होते आणि क्रेडिट त्याच दिवशी वापरून संपले होते. डीआरसी-०३ ने रक्कम भरायची २० जानेवारी २०२४ ला. म्हणजे १,७३६ दिवस. १९,४४० वर १८ टक्क्यांनी व्याज जवळपास १६,६४० रुपये. पाच वर्षे कपाटात पडून राहिलेली एक प्रत जवळजवळ कराच्या रकमेइतकी महाग झाली होती.

उत्तर नव्याने लिहिले. पहिल्या पानावर तक्ता, चार ओळींचा: १७,१००, १,०४,४९०, ८३,७०० आणि १९,४४०. प्रत्येक ओळीसमोर आधाराचा रकाना. पहिल्या ओळीला विवरणपत्रातला 3.1(d) चा भरणा, आणि ते क्रेडिट 4(A)(3) ऐवजी चुकून 4(A)(5) मध्ये दाखवल्याचा खुलासा. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला पुरवठादारांचे दाखले, दोघांचाही फरक पाच लाखांच्या आत असल्यामुळे तेवढे पुरेसे होते. चौथ्या ओळीला डीआरसी-०३ चा क्रमांक आणि तारीख. त्याखाली लगेच चौथ्या ओळीबद्दलचा परिच्छेद, मग उरलेल्या तिन्ही ओळींबद्दलचे, आणि कायद्याचे मुद्दे सगळ्यांत शेवटी, 'याखेरीज' म्हणून. मागणीही बदलली. आधी 'संपूर्ण नोटीस रद्द करावी' असे होते. मान्य केलेली रक्कम आणि संपूर्ण रद्द करण्याची मागणी एकाच कागदावर नांदत नाहीत. आता लिहिले: २,०५,२९० रुपयांची मागणी रद्द करावी, १९,४४० व्याजासह भरल्याची नोंद घ्यावी, त्यावर दंड आकारू नये. आणि सुनावणी हवी का, या प्रश्नाला 'होय'. मसुद्यात तिथे 'नाही' होते. तेही मी कधी ठरवले आठवत नाही. बहुधा प्रश्न विचारले जाऊ नयेत असे वाटले असावे.

तक्त्याची बेरीज पुन्हा २,२४,७३० आली. आकडा तोच होता. पण आता चारही ओळींना मागे कागद होता.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही गोष्ट माझ्या बाजूची झाली असती. पण एक वाक्य राहते. चौथ्या ओळीबद्दलच्या परिच्छेदात मी लिहिले, 'वाहतूकदाराच्या प्रतीवरून अनवधानाने दुबार नोंद झाली.' उत्तर अण्णांच्या नावाने जाते, तिथे हे चालेल. पण अण्णांना सांगतानाही मी हेच वाक्य वापरले होते: "मार्चमध्ये एकदा जास्त नोंद झाली." झाली. पाऊस झाला, संध्याकाळ झाली, तशी नोंद झाली. मराठीत कर्ता लपवायला 'झाली'सारखे दुसरे क्रियापद नाही. त्यांना वाटले त्यांच्या दुकानातल्या पोराने बिल दोनदा पाठवले, त्याची चूक. ते त्या पोराला बोललेही असतील. मी विचारले नाही. पस्तीस हजारांच्या वर भरले ते त्यांनीच.

मुद्रितशोधनात मी आकडे तपासले, संदर्भ तपासले, मुद्द्यांचा क्रम तपासला. क्रियापद तपासायचे सुचले नाही. किंवा सुचले आणि पुढे गेलो.

एप्रिलमध्ये आदेश आला. २,०५,२९० ची मागणी वगळली होती, भरलेली रक्कम नोंदवली होती. अण्णा पेढे घेऊन आले. त्या मुलीने पेढा घेतला आणि माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही, बोलणारही नव्हती. गठ्ठ्यावरचे अक्षर तिने त्या रात्रीच ओळखले होते.

मी अण्णांना बसवले आणि सांगितले, ते बिल मी घातले होते, रात्री, न बघता. दुकानातल्या पोराचा त्यात दोष नाही. कर तुमचाच होता, तो तुम्हाला भरावाच लागला असता. व्याज माझ्यामुळे पडले, ते माझ्या फीमधून वळते करा. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे जानेवारीत सांगितलं असतं तर पोराला बोललो नसतो."

व्याज वळते झाले. पोराला बोललेले वळते करता आले नाही.

आता उत्तर पाठवण्याआधी आमच्याकडे दोघे बसून वाचतात, कागदाकडून मसुद्याकडे. ज्या आकड्यामागे कागद नाही तो तक्त्यात जात नाही, मग बेरीज तुटली तरी चालेल. तुटलेल्या बेरजेखाली 'फरक, शोध चालू' असे लिहून ठेवायचे, कुणाच्याही नावावर टाकायचे नाही. आणि 'झाले', 'राहिले', 'पडले' अशा क्रियापदांखाली मी पेन्सिलीने रेघ मारतो. समासात लिहितो: कोणी?